पडद्याबाहेर गेलेल्या गोळ्या जातात कुठे?

पहिली पंधरा-वीस मिनिटं खेळ झकास चालतो. यान उडतं, शत्रूंच्या रांगा येतात, गोळ्या सुटतात, गुण वाढत जातात. मग हालचाल किंचित जड होते. बोट फिरवल्यावर यान क्षणभर उशिरा वळतं. फोनची मागची बाजू तापते. आणि खेळ ऐन रंगात आलेला असताना तो एकदम नाहीसा होतो आणि समोर फोनचा मुख्य पडदा दिसू लागतो. चूक सांगणारा संदेश नाही, सूचना नाही. खेळणारा तोच खेळ पुन्हा उघडतो, तर तो अगदी ताजातवाना. पुन्हा पंधरा-वीस मिनिटं काहीच तक्रार नाही.

नेमबाजीच्या खेळांमध्ये हे लक्षण दिसलं की जाणकार सगळ्यात आधी गोळ्यांकडे पाहतात. गोळी सुटण्याची सोय प्रत्येक खेळात असते, कारण त्याशिवाय खेळच होत नाही. गोळी संपण्याची सोय मात्र अर्धवट राहून जाते. पडद्याच्या कडेपलीकडे गेलेली गोळी खेळणाऱ्याच्या दृष्टीने संपलेली असते, पण फोनच्या मेमरीत ती तशीच जिवंत असते आणि पुढे पुढे जातच असते.

हे कसं घडतं ते पाहण्यासाठी एक साधा खेळ डोळ्यांपुढे ठेवू. तो युनिटी या गेम इंजिनमध्ये बनवलेला आहे. खाली यान, वरून येणारे शत्रू, आणि लढाई न थांबणारी. युनिटीत गोळीचा एक नमुना आधी तयार करून ठेवतात, त्याला प्रीफॅब म्हणतात. गोळी झाडायची वेळ आली की `Instantiate` ही आज्ञा त्या नमुन्याची एक नवी प्रत काढते. ही प्रत म्हणजे नुसतं चित्र नसतं. तिची जागा आणि दिशा सांभाळणारा एक भाग असतो, चित्र दाखवणारा दुसरा, वेग सांभाळणारा तिसरा, टक्कर ओळखणारा चौथा आणि गोळीने काय करायचं ते सांगणारी स्क्रिप्ट पाचवी. प्रत्येक गोळीमागे हा सगळा सरंजाम मेमरीत नव्याने मांडला जातो.

गोळीच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक नवशिके, आणि घाईत असलेले अनुभवीही, असं काहीतरी लिहितात:

```csharp
void OnTriggerEnter2D(Collider2D other)
{
    if (other.CompareTag("Enemy"))
        Destroy(gameObject);
}
```

गोळी शत्रूला लागली की तिला नष्ट करा. वाचताना यात काहीच खटकत नाही. चाचणी घेणारा गोळी मारतो, ती शत्रूला लागते, शत्रू फुटतो, गोळी गायब होते. काम झालं असं वाटतं. पण इथे सांगितलंय ते लागलेल्या गोळीबद्दल. नेम चुकलेल्या गोळीचं काय करायचं, याबद्दल या पाच ओळींत एक शब्दही नाही. ती वरच्या कडेतून बाहेर पडते आणि तिला कुणीही थांबवत नाही.

आता थोडा हिशोब. यान सेकंदाला १० गोळ्या झाडतं असं धरू. समोर सरासरी २० शत्रू आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला एक गोळी सोडतो. म्हणजे दर सेकंदाला ३० नव्या गोळ्या जन्माला येतात. त्यांतल्या १० कुठे ना कुठे लागतात आणि नष्ट होतात. उरलेल्या २० चुकतात. मिनिटाला १,२०० आणि अर्ध्या तासात ३६,००० गोळ्या साठतात. एका गोळीचा सगळा सरंजाम मिळून ३ किलोबाइट जागा घेतो असं मानलं, तर ही अडगळ शंभर मेगाबाइटच्या पुढे जाते. नेमका आकडा गोळीला काय काय जोडलंय यावर ठरतो. मागे शेपटी, आवाज, प्रकाश असं काही असेल तर तो बराच मोठा होतो.

त्याच वेळी पडद्यावर प्रत्यक्षात किती गोळ्या दिसतात? युनिटीच्या मापात पडदा १० एकक उंच आहे आणि यानाची गोळी सेकंदाला २० एकक जाते असं धरलं, तर ती अर्ध्या सेकंदाच्या आत दिसेनाशी होते. म्हणजे यानाच्या जेमतेम पाच गोळ्या एका वेळी समोर असतात. शत्रूच्या गोळ्या सावकाश, सेकंदाला ५ एकक जातात. त्यांना पडदा ओलांडायला दोन सेकंद लागतात, म्हणून त्या फार तर चाळीस. खेळणाऱ्याला दिसतात ४५ गोळ्या आणि फोन सांभाळत असतो ३६,०००. अर्ध्या तासापूर्वी झाडलेली यानाची पहिली गोळी एव्हाना ३६,००० एकक दूर, म्हणजे तब्बल ३,६०० पडदे उंच पोहोचलेली असते. तिथेही तिची जागा दर सेकंदाला कित्येक वेळा नव्याने मोजली जात असते.

म्हणून मेमरी संपण्याच्या कितीतरी आधी खेळ रखडू लागतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शत्रूंच्या हालचाली, टकरी, आवाज, चित्रं सगळं उरकावं लागतं. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरची गोळी काढून दाखवायची नसते, तेवढे कष्ट वाचतात. पण गतीचा हिशोब करणाऱ्या यंत्रणेला कॅमेऱ्याशी देणंघेणं नसतं. चालत्या वस्तूला ती झोपवतही नाही. फोन तापतो तो या न दिसणाऱ्या गोळ्या पुढे सरकवताना.

शेवटचा घाव घालते ती फोनची कार्यप्रणाली. अँड्रॉइडमध्ये मेमरी अपुरी पडू लागली की कुठली प्रक्रिया बंद करायची हे ठरवणारी एक यंत्रणा असते. आधी मागे पडून असलेली अ‍ॅप जातात. तेवढ्याने भागलं नाही तर समोर चालू असलेला खेळही जातो, आणि जातो तो एका झटक्यात, निरवानिरव करायला वेळ न देता. खेळाच्या स्वतःच्या नोंदीत मग शेवटची ओळ एखाद्या साध्या घटनेची सापडते. चूक शोधणाऱ्याला वाटतं, काही बिघडलंच नव्हतं.

इथे जाणता वाचक विचारेल, की आजच्या भाषांमध्ये कचरा आपोआप उचलला जातो ना? उचलला जातो, पण कचरा कशाला म्हणायचं याचा नियम पक्का आहे. ज्या वस्तूपर्यंत कार्यक्रमातल्या कुठल्याही वाटेने पोहोचता येत नाही, ती कचरा. चुकलेली गोळी त्या व्याख्येत बसत नाही. ती अजून खेळाच्या दृश्याचा भाग आहे, दृश्याच्या यादीत तिचं नाव आहे, गतीच्या यंत्रणेत तिची नोंद आहे. तिचा कुणाला उपयोग उरलेला नाही ही गोष्ट फक्त खेळ लिहिणाऱ्या माणसाला माहीत असते. त्याने ती सांगितली नाही तर कचरा उचलणारी यंत्रणा गोळीच्या शेजारून निघून जाते.

मग ही चूक खेळ बाजारात जाईपर्यंत सापडत कशी नाही? याचं उत्तर चाचणीच्या पद्धतीत आहे. बहुतेक खेळांत टप्पे असतात आणि एक टप्पा दोन-तीन मिनिटांचा असतो. टप्पा संपला की जुनं दृश्य उतरवून नवं चढवलं जातं, आणि जुन्या दृश्याबरोबर त्यातल्या सगळ्या गोळ्याही नष्ट होतात. तीन मिनिटांत साठलेल्या ३,६०० गोळ्या एखादा बरा फोन कुरकुर न करता पेलतो. पुढे कधीतरी खेळात न संपणारी लढाई जोडली जाते. गोळीच्या स्क्रिप्टला कुणी हातही लावलेला नसतो, तरी तीच स्क्रिप्ट आता खेळ पाडते. ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’सारख्या खेळाचा एक डाव अर्धा तास चालतो आणि त्यात पडदा शत्रूंनी आणि अस्त्रांनी भरून जातो. अशा घडणीच्या खेळात मध्ये दृश्य बदलून आपोआप होणारी साफसफाई मिळत नाही.

पूर्वीच्या खेळयंत्रांवर ही अडचण येणंच कठीण होतं. तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी बनवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आला. त्या यंत्रात ८ किलोबाइट कामाची मेमरी होती आणि त्यातली ७ किलोबाइट पडद्याच्या चित्रालाच लागत होती. उरलेल्या एका किलोबाइटमध्ये सगळा खेळ. त्यात खेळणाऱ्याची एका वेळी एकच गोळी हवेत असू शकते. ती लागेपर्यंत किंवा वर पोहोचून फुटेपर्यंत दुसरी झाडताच येत नाही. परग्रहवासीयांच्या गोळ्या एका वेळी तीन. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘ॲस्टरॉइड्स’मध्ये यानाच्या चार गोळ्यांची मर्यादा होती. या गोळ्यांच्या जागा मेमरीत कायमच्या आखलेल्या असत. गोळी संपली की तिची जागा मोकळी, आणि पुढची गोळी त्याच जागेत. मर्यादा यंत्राने घातली होती, पण खेळाचा थरारही तिच्यातूनच आला. नेम चुकला तर गोळी वर पोहोचेपर्यंत हात चोळत बसावं लागे.

आज गिगाबाइटच्या हिशोबात मेमरी असलेल्या फोनवर तीच युक्ती माणसाला मुद्दाम लिहावी लागते. तिला ऑब्जेक्ट पूल म्हणतात. पण त्याआधी मेमरी खरोखर गोळ्याच खातायत का, याची खात्री करून घ्यायला हवी.

सगळ्यात सोपी तपासणी संगणकावरच होते. युनिटीत खेळ चालू करायचा आणि डावीकडच्या `Hierarchy` या यादीवर नजर ठेवायची. तिथे `Bullet(Clone)` या नावाच्या ओळी एकाखाली एक वाढतच गेल्या आणि पडद्यावर मात्र पाच-दहाच गोळ्या दिसत असल्या, तर चोर सापडला. दुसरी तपासणी म्हणजे दोन छायाचित्रं. युनिटीचं मेमरी प्रोफायलर हे साधन मेमरीचं एका क्षणाचं पूर्ण चित्र टिपून ठेवतं. दुसऱ्या मिनिटाला एक चित्र घ्यायचं, बाराव्या मिनिटाला दुसरं, आणि साधनाला त्यांची तुलना करायला सांगायचं. कुठल्या प्रकारच्या वस्तू वाढल्या ते समोर येतं. फोनवर पाहायचं असेल तर तो केबलने जोडून पुढची आज्ञा ठरावीक अंतराने देतात. त्यात शेवटचं नाव आपल्या खेळाचं घालायचं:

```
adb shell dumpsys meminfo com.example.game
```

यात एक बारकावा आहे. मेमरी वाढली म्हणजे गळती झालीच असं नसतं. निरोगी खेळातही आलेख वर चढतो, कचरा उचलला गेला की खाली येतो, पुन्हा चढतो. करवतीच्या दात्यांसारखा तो दिसतो आणि दात्यांचा तळ एका पातळीवर राहतो. गळतीत तळच वर सरकत जातो. आणि गळती गोळ्यांचीच आहे हे पक्कं करायला एक छोटा प्रयोग पुरतो. यान दहा मिनिटं नुसतं उभं ठेवायचं आणि गोळीबार दोन्हीकडून बंद ठेवायचा. मग दहा मिनिटं रिकाम्या आकाशात गोळ्या झाडत राहायचं. पहिल्या वेळी रेघ सपाट आणि दुसऱ्या वेळी चढती असेल, तर आणखी पुरावा लागत नाही. याच प्रयोगामुळे एक कोडंही सुटतं. चांगला नेम असलेल्या माणसाच्या फोनवर खेळ जास्त वेळ टिकतो आणि वाटेल तशा गोळ्या उधळणाऱ्याच्या फोनवर लवकर पडतो, कारण गळती चुकलेल्या गोळ्यांची असते.

पहिला उपाय एका ओळीचा आहे. गोळी जन्मली की लगेच `Destroy(gameObject, 3f)` असं सांगून ठेवायचं, म्हणजे ती लागो वा न लागो, तीन सेकंदांनी जाईल. काहीजण त्याऐवजी `OnBecameInvisible` वापरतात. वस्तू कॅमेऱ्यातून दिसेनाशी झाली की इंजिन ही सूचना देतं. पण संगणकावर काम करताना युनिटीच्या संपादकातला दृश्य दाखवणारा कॅमेराही त्यात धरला जातो. खेळाच्या चौकटीतून गेलेली गोळी बाजूच्या चौकटीत दिसत राहिली, तर सूचना येतच नाही. संगणकावर गोळ्या साठतात आणि फोनवर साठत नाहीत, असा उलटा गोंधळ त्यातून होतो. वेळेची मर्यादा घातली की ही भानगड राहत नाही.

एवढ्याने गळती थांबते. छोट्या खेळाला इतकं पुरतं आणि तिथे थांबायला हरकत नाही. पण सेकंदाला ३० वस्तू घडवायच्या आणि ३० मोडायच्या हे कामही फुकट होत नाही. प्रत्येक वेळी जागा मागायची, पाच भाग जोडायचे, नोंदी करायच्या, आणि दोन-तीन सेकंदांनी ते सगळं उलगडायचं. साठलेला कचरा उचलायला यंत्रणा धावली की एखादं चित्र १६.७ मिलिसेकंदांत बसत नाही आणि खेळाला बारीक झटका बसतो. पूल हवा असतो तो या झटक्यांसाठी.

पूलची कल्पना लग्नाच्या पंगतीत दिसते. पाचशे पाहुण्यांना पाचशे ताटं लागत नाहीत. एका पंगतीपुरती ताटं आणायची, पंगत उठली की धुवायची, आणि पुढच्या पंगतीला मांडायची. गोळी संपली की तिला नष्ट न करता नुसती निष्क्रिय करून बाजूला ठेवतात, आणि पुढची गोळी झाडताना तीच पुन्हा जागी करतात. युनिटीत २०२१ पासून यासाठी तयार सोय आहे:

```csharp
pool = new ObjectPool<Bullet>(
    createFunc: () => Instantiate(bulletPrefab),
    actionOnGet: b => b.gameObject.SetActive(true),
    actionOnRelease: b => b.gameObject.SetActive(false),
    actionOnDestroy: b => Destroy(b.gameObject),
    defaultCapacity: 64, maxSize: 256);
```

पहिली ओळ नवी गोळी कशी घडवायची ते सांगते, दुसरी ती पूलमधून बाहेर काढताना काय करायचं, तिसरी परत ठेवताना काय करायचं, आणि चौथी नष्ट करायची वेळ आलीच तर काय करायचं. गोळी हवी असेल तेव्हा `Instantiate` ऐवजी `pool.Get()` म्हणायचं आणि ती संपली की `pool.Release(bullet)`.

मात्र पूल लिहिला म्हणजे गळती थांबली असं नाही. चुकलेल्या गोळीसाठी `Release` कुणी म्हटलंच नाही, तर पूल रिकामाच राहतो आणि प्रत्येक `Get` वेळी नवी गोळी घडवत जातो. आकड्यांची शेवटची ओळ इथे फसवते. `maxSize` २५६ आहे म्हणून २५६ च्या वर गोळ्या होणार नाहीत, असं वाटतं. प्रत्यक्षात ती मर्यादा पूलमध्ये परत येऊन पडलेल्या निष्क्रिय गोळ्यांची आहे. बाहेर फिरणाऱ्या गोळ्या ती मोजत नाही. तसंच `defaultCapacity` ६४ दिलं म्हणून ६४ गोळ्या आधीच तयार होत नाहीत, फक्त यादीत तेवढी जागा धरली जाते. म्हणून वयाची मर्यादा पूलमध्येही ठेवावीच लागते. गोळीने स्वतःचं वय मोजायचं आणि तीन सेकंद झाले की स्वतः परत जायचं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. एकच गोळी एका क्षणी दोन शत्रूंना लागते, दोन्ही टकरींची सूचना येते, आणि तीच गोळी दोनदा परत केली जाते. संपादकात खेळ चालवताना युनिटी याबद्दल ओरडतं, पण ही तपासणी फोनवरच्या खेळात होत नाही. तिथे तीच गोळी पूलमध्ये दोनदा नोंदली जाते आणि पुढे दोन वेगळ्या वेळी बाहेर काढली जाते. हवेत असलेली गोळी मध्येच नाहीशी होऊन यानाच्या तोंडाशी उगवली, की हे झालंय असं समजायचं. गोळीवर ‘परत गेली’ अशी एक खूण ठेवली आणि परत करण्याआधी ती तपासली, तर हे टळतं.

तिसरी चूक ताट न धुता मांडण्याची. परत आलेली गोळी गेल्या फेरीतलं सगळं अंगावर घेऊन येते. तिचं वय तीन सेकंदांवर थांबलेलं असेल, तर ती सुटताक्षणीच पुन्हा परत जाईल आणि बंदूक अधूनमधून फुसकी झाल्यासारखी वाटेल. वेग जुना असेल तर ती भलत्याच दिशेने जाईल. सगळ्यात ठळक दिसते ती शेपटी. गोळीमागे प्रकाशाची रेघ असेल आणि ती पुसली नसेल, तर गोळी जिथे संपली तिथपासून यानापर्यंत पडदाभर एक रेघ ओढली जाते. युनिटीत त्यासाठी गोळी नव्या जागी नेल्यावर `TrailRenderer` ला `Clear()` सांगावं लागतं. म्हणून वय, वेग, दिशा, शेपटी, आधी लागलेल्या शत्रूंची यादी हे सगळं कोरं करणारं एकच फंक्शन लिहितात आणि प्रत्येक `Get` नंतर तेच बोलावतात.

दुरुस्ती झाल्यावर तपासणीचे आकडे पूलच देतो. `CountAll` म्हणजे आजवर घडवलेल्या गोळ्या आणि `CountActive` म्हणजे सध्या बाहेर असलेल्या. आपल्या खेळात वयाची मर्यादा तीन सेकंद आणि गोळ्या सेकंदाला ३०, म्हणजे एका वेळी बाहेर जास्तीत जास्त ९० च्या आसपास असणार. `CountActive` त्याच्या आत वरखाली होत राहतो. `CountAll` पहिल्या मोठ्या चकमकीत चढून शंभराच्या आसपास थांबतो, आणि अर्ध्या तासानंतरही तिथेच असायला हवा. गोळीबार थांबल्यावर मेमरी खाली येत नाही, त्याची काळजी करायचं कारण नाही. त्या गोळ्या पुढच्या चकमकीसाठी राखून ठेवलेल्या असतात. `CountAll` स्थिर असूनही मेमरीचा तळ वर सरकत असेल, तर गोळ्यांना दोष देता येणार नाही. मग त्याच दोन छायाचित्रांच्या तुलनेत फुटलेल्या शत्रूंचे तुकडे, स्फोटांचे आवाज आणि पडद्यावर उमटून जाणारे गुणांचे आकडे तपासायचे. ते सगळे गोळ्यांसारखेच क्षणापुरते जन्मतात, आणि त्यांचाही शेवट लिहायचा राहून गेलेला असू शकतो.